गच्चीवर सोलर बसवायचंय, सोसायटीला अर्ज कसा लिहू?

चौथा_मजला

मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला. खाली पार्किंग, वर चार मजले, वीस फ्लॅट, १९९७ चं बांधकाम. मला माझ्या मीटरवर ३ किलोवॉटचं सोलर बसवायचं आहे. महिन्याला २८० युनिटच्या आसपास लागतात, बिल तीन हजार दोनशेच्या घरात येतं. सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार अनुदान मिळतं. पण व्हेंडर म्हणतो, गच्ची सामायिक आहे, तेव्हा आधी सोसायटीचं ना हरकत पत्र आणा, मग पुढचं बोलू.

सचिवांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, "स्लॅबवर लोड येईल. आणि तुम्हाला दिलं तर उद्या सगळेच मागतील." विषय संपला.

आता लेखी अर्ज देणार आहे. मसुदा असा:

"मा. सचिव यांस, सप्रेम नमस्कार. मी फ्लॅट क्र. १७ चा सभासद असून पर्यावरणाच्या दृष्टीने इमारतीच्या गच्चीवर स्वखर्चाने ३ किलोवॉट क्षमतेचे सौर पॅनेल बसवू इच्छितो. त्यामुळे इमारतीस कोणतीही हानी होणार नाही. तरी ना हरकत पत्र द्यावे ही विनंती."

यात काय वाढवू? लोडचं काय उत्तर देऊ? कुणी असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर सांगा.

निवांत_नाना

"कोणतीही हानी होणार नाही" हे वाक्य आमच्याकडे इंटरनेटवाल्याने लिहून दिलं होतं. त्यानंतर तीन महिने माझ्या बाथरूममध्ये वरून दिवसरात्र ठिबक सिंचन चालू होतं.

आडगावचा_मळेकरी

परवानगी कशाला? मी नाशिकला मागच्या वर्षी ५ किलोवॉट बसवलं, कुणाला विचारलं नाही. पंधरा दिवसांत नेट मीटर लागला. वीज कंपनीकडे सरळ अर्ज टाका.

चौथा_मजला

तुमचा बंगला असेल ना? आमची गच्ची वीस जणांची आहे.

आडगावचा_मळेकरी

हो, बंगला आहे. बरोबर, ते वाचलंच नाही. चालू द्या.

सचिव_नाइलाजाने

मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा सचिव आहे, कारण सभेच्या दिवशी मी चहा आणायला गेलो होतो आणि परत येईपर्यंत निवड झाली होती. तेव्हा तुमच्या सचिवांची बाजू मी मांडतो.

तुमच्या अर्जात माझ्या कामाचं काहीच नाही. पॅनेल गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात, किती जागेत, किती उंचीवर? पाय कशात रोवणार? केबल कुठल्या डक्टमधून खाली येणार? पाच वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं तर पॅनेल कोण उतरवणार आणि तो खर्च कोणाचा? तुम्ही फ्लॅट विकलात तर नवा मालक हे सगळं पाळणार का? याची उत्तरं नसताना सही केली तर गळतीची पहिली तक्रार माझ्या दारात येते. मुळात कमिटी एकटीने सामायिक गच्ची कुणाच्या नावे वापरायला देऊ शकत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. सचिवांनी तुम्हाला निदान हे तरी सांगायला हवं होतं.

दादरकर

लोडचं काही मनावर घेऊ नका. एक पॅनेल जेमतेम २८ किलोचं. ३ किलोवॉटला सहा लागतात, म्हणजे पावणेदोनशे किलो. एवढं वजन तर लग्नात आमच्या मामांच्या टेबलावर असतं. गच्चीवर कोजागिरीला साठ माणसं बसतात तेव्हा स्लॅब पडतो का? सोलरचा स्लॅबशी काही संबंध नाही, अर्जात तसं ठणकावून लिहा. शिवाय वीज गेली तरी तुमच्याकडे दिवे चालू, हा फायदा वेगळा.

मीटर_बघतो

वीज गेली की तुमचं सोलरही बंद. ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइन गेल्याचं कळताच स्वतः थांबतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरून शॉक बसेल. दिवे चालू हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रिड घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा. या एका गैरसमजामुळे माझे दोन गिऱ्हाईक माझ्यावर कायमचे रुसलेत.

कोबेवाला

दादरकर अर्धे बरोबर आहेत. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि सोलरमुळे बिघडलेल्या गच्च्या बघायला वर्षातून आठ-दहा वेळा तरी जावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वजन हा प्रश्न नाहीच. पॅनेल आणि लोखंडी सांगाडा मिळून चौरस मीटरला २०-२५ किलो होतात. जिथे माणसांची ये-जा असते अशा गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोचा वापर धरून डिझाइन करतात. तुमच्या गच्चीवरची दहा हजार लिटरची टाकी दहा टनांची आहे, तिच्याबद्दल कुणी अर्ज मागितला नसेल.

प्रश्न उलट बाजूचा आहे. वारा पॅनेल खाली दाबत नाही, वर उचलतो. पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबई-ठाण्याला ४४. ३९ ने हिशेब केला तर चौरस मीटरला साधारण ९० किलोचा दाब येतो. एक पॅनेल अडीच चौरस मीटरचं असतं, म्हणजे वळवाच्या वादळात एकेका पॅनेलला सव्वादोनशे किलोच्या आसपास वर ओढलं जाऊ शकतं. तुमच्या सहा पॅनेलना मिळून तेरा-चौदाशे किलो. उंची, कोन, गच्चीच्या कडेपासूनचं अंतर यांवर हा आकडा कमीजास्त होतो. कोपऱ्यात ओढ सगळ्यात जास्त, म्हणून कडेपासून चार-पाच फूट आत राहावं.

आता व्हेंडर काय करतो? एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असे काँक्रीटचे ठोकळे गच्चीवर ओततो आणि त्यात पाय रोवतो. असा ठोकळा ६५-७० किलोचा होतो. सहा ठोकळे चारशे किलो, पॅनेल पावणेदोनशे, सांगाडा सव्वाशे. सगळं मिळून सातशे किलो होतात आणि ओढ त्याच्या दुप्पट. ठोकळे कोब्याला नुसते चिकटलेले असतात. पहिली दोन वर्षं काही होत नाही, कारण तसं वादळ आलेलं नसतं.

तेव्हा सचिवांना "लोड येत नाही" असं सांगू नका. "लोड किती आणि कुठल्या दिशेने, याचा सही-शिक्क्याचा हिशेब जोडला आहे" असं लिहा, आणि तो हिशेब खरंच जोडा.

चौथा_मजला

हे कुणी सांगितलंच नव्हतं. व्हेंडर म्हणाला, ठोकळे नको असतील तर अँकर बोल्ट मारू, ड्रिल करून. ते चालेल?

कोबेवाला

ते तर त्याहून वाईट, आणि सोसायटीत भांडण लागतं ते यावरूनच.

तुमची इमारत ९७ ची, म्हणजे गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असणार, सरासरी चार-पाच इंच. वरून चायना मोझॅक. सहा इंचाचा बोल्ट त्यातून मारला तर त्याचा बहुतेक भाग विटा आणि चुऱ्यात जातो, स्लॅबमध्ये इंचभर कसाबसा. हाताने आवळला की घट्ट वाटतो, पण वाऱ्याच्या हेलकाव्याने काही महिन्यांत सैल होतो. त्याच भोकातून पाणी कोब्यात उतरतं. कोबा स्पंजासारखा आहे. पाणी आडवं पसरत जातं आणि जिथे स्लॅबला बारीक चीर आहे तिथून गळतं. म्हणून भोक फ्लॅट १७ च्या डोक्यावर आणि ओल फ्लॅट २० च्या बेडरूममध्ये, असं होतं. मग दोघंही शपथेवर सांगतात की माझा काही संबंध नाही.

योग्य पद्धत सांगतो. सांगाड्याचे पाय खालच्या कॉलमच्या किंवा निदान बीमच्या डोक्यावर येतील असे आखायचे. त्या जागी दीड फूट चौकोनात कोबा फोडून खालचा स्लॅब उघडा करायचा, सळ्या कुठे आहेत ते यंत्राने बघून केमिकल अँकरने नव्या सळ्या बसवायच्या, त्यावर कोब्यापासून निदान नऊ इंच वर येईल असा छोटा खांब ओतायचा. मग खांबाभोवती पुन्हा वॉटरप्रूफिंग करून बुडाच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा मारायचा. बोल्ट त्या खांबाच्या माथ्यावर, पाण्याच्या पातळीच्या वर. एकदा हे केलं की पुढे गच्ची उकरायची वेळ आली तरी खांब हलवावे लागत नाहीत.

काम सुरू करण्याआधी गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या पाचही फ्लॅटच्या छताचे तारखेसह फोटो काढा. काम झाल्यावर पुन्हा तेच. पुढची अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

निवांत_नाना

म्हणजे सोलरमध्ये वाटा दोन ठिकाणी लागतो. एक खांबाच्या बुडाशी, एक खर्चात. गवंडी पहिला मारतो, सभासद दुसरा मारतात.

वाळवण

आमी कोल्हापूरचे. माझी शंका सोलरवाली नाही, पण विचारते. गच्चीवर गरम पाण्याचं सोलर आहे चार जणांचं, त्यातलं एक दोन वर्षं गळतंय. मालक पुण्याला, भाडेकरू म्हणतो माझं नाही. त्याच्या पाण्यानं शेवाळ धरलंय आणि माझे कुरडयांचे साचे घेऊन मी घसरले. असलं कुणी काढायचं?

सचिव_नाइलाजाने

आधी लागलं नाही ना फार? मालकाला सोसायटीने लेखी नोटीस द्यायची, मुदत द्यायची, नाही केलं तर सोसायटीने दुरुस्त करून खर्च त्याच्या देखभाल बिलात लावायचा. पण परवानगी देताना तशी अट लिहून घेतलेली असेल तरच हे सुरळीत होतं. धागाकर्ते, मी म्हणतो ती अट याच्यासाठीच.

वाळवण

लागलं थोडं. कुरडया वाचल्या.

मीटर_बघतो

आता जरा वेगळ्या बाजूने विचारतो. चौथा_मजला, तुमची गच्ची किती, आणि त्यातली सावली नसलेली किती? दुसरं, सोसायटीच्या कॉमन मीटरचं बिल किती येतं? नोटीस बोर्डावर किंवा वार्षिक अहवालात असेल.

चौथा_मजला

गच्ची साधारण २७०० चौरस फूट. जिन्याची आणि लिफ्टची खोली, टाकी, ये-जा करायची वाट आणि कडेचे पाच फूट सोडले तर १२०० उरते. कॉमन मीटरला महिन्याला ९५० युनिट, बिल साडेसोळा हजार. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. हे का विचारलंत?

मीटर_बघतो

कारण तुमचे सचिव "उद्या सगळेच मागतील" म्हणाले ते कुत्सितपणे असेल, पण मुद्दा खरा आहे. एका किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते. तुमच्या गच्चीवर बारा किलोवॉट मावतात. प्रत्येकी तीन घेतले तर चार जणांत गच्ची संपली. उरलेल्या सोळा जणांनी तुम्हाला ना हरकत का द्यावी, याचं उत्तर तुमच्या अर्जात नाही.

आता पैशाचं बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. सोसायटीचा कॉमन मीटरही घरगुतीच धरतात, त्यामुळे त्याचे ९५० युनिट चढत चढत सगळ्यात महाग टप्प्यात जातात. तुमचं घर २८० वर थांबतं. साडेसोळा हजार भागिले ९५०, म्हणजे सगळं धरून युनिटला सतरा रुपयांच्या वर. तुमचं ३२०० भागिले २८०, साडेअकरा. पॅनेल तेच, ऊन तेच, गच्ची तीच. तुमच्या मीटरला जोडलं तर युनिटमागे साडेअकरा वाचतात, कॉमन मीटरला जोडलं तर सतरा.

पुण्यात एक किलोवॉट वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११५ युनिटच्या आसपास देतो. आठ किलोवॉट लावलंत तर ९२०. कॉमन बिल जवळजवळ संपलं.

चौथा_मजला

म्हणजे मी माझं सोडून सोसायटीचं बसवून देऊ? मी तर अर्जाचा नमुना मागायला आलो होतो. 😅

निवांत_नाना

या संस्थळावर लोक चपलेचा अंगठा शिवून मागायला येतात आणि अनवाणी चालण्याचे फायदे ऐकून जातात.

दादरकर

मीटर_बघतो यांचा हिशेब बरोबर, पण पावसाळ्याचं काय? जुलैत ऊनच नसतं.

मीटर_बघतो

जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन किलोवॉटमागे साठ-सत्तर युनिटपर्यंत खाली येतं, मान्य. पण नेट मीटरिंगमध्ये जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात. हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिल-मेमध्ये जमवलेले पावसाळ्यात वापरायचे. मार्चअखेर उरलेल्या युनिटचे मात्र फार कमी दराने पैसे मिळतात, म्हणून गच्ची रिकामी आहे म्हणून बारा किलोवॉट ठोकू नका. शिवाय मीटरच्या मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता मिळत नाही, तो बिलावर छापलेला असतो, आधी बघा.

हिशेबी_मंगळवारपेठ

सोसायटीला अनुदान मिळतं का? आमच्याकडे सांगितलं की फक्त वैयक्तिक घरांना.

मीटर_बघतो

मिळतं. सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार. वैयक्तिक घराला पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८, म्हणून ७८. दोन्हीला देशी सेलचे, डीसीआर पॅनेल लागतात. स्वस्त कोटेशन आलं तर आधी तेच तपासा. आणि अनुदान नंतर खात्यात येतं, सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सोसायट्यांची गाडी तिथेच अडकते.

हिशेबी_मंगळवारपेठ

मग वाटणी क्षेत्रफळावर करा. तीन बेडरूमवाल्याने जास्त, एक बेडरूमवाल्याने कमी. हेच न्याय्य.

सचिव_नाइलाजाने

कॉमन विजेचं बिल तुम्ही आज कसं वाटता? आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क दर फ्लॅटला समान असतं, लिफ्टचंसुद्धा. पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका कितीही म्हणाले की मी जिन्याने जातो, तरी. बिल समान वाटलं जातं म्हणजे बचतही समान वाटली जाणार. मग गुंतवणूक क्षेत्रफळावर कशी? मोठ्या फ्लॅटवाल्याने जास्त घालायचे आणि बचत सारखीच घ्यायची?

हिशेबी_मंगळवारपेठ

हं. गच्ची दुरुस्तीशी घोळ झाला माझा. पण बंद फ्लॅटवाले पैसे देणार नाहीत हे लिहून घ्या.

दादरकर

सिंकिंग फंडातून काढा की. पडूनच असतो.

सचिव_नाइलाजाने

तो पडून राहावा म्हणूनच असतो. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीसाठी, पुनर्बांधणीसाठी. सभेचा ठराव आणि निबंधकांची परवानगी, दोन्ही लागतात. सोलर त्यात बसतं असं काही जण म्हणतात, आमच्या ऑडिटरने स्पष्ट नाही म्हटलं. आम्ही वर्गणी काढली.

दादरकर

आमच्याकडे वापरला आणि कुणी विचारलं नाही.

सचिव_नाइलाजाने

अजून विचारलं नाही.

कोबेवाला

एक राहिलं. तुमची इमारत २८-२९ वर्षांची. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तिशीनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. झालंय का? झालं नसेल तर सोलरच्या निमित्ताने करून घ्या. गच्चीवर कोब्याचा दुसरा थर आहे का तेही बघा. गळती थांबेना म्हणून जुन्या कोब्यावरच नवा कोबा ओतायची पद्धत आहे. चार इंच कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. म्हणजे सोलरच्या आठ-दहा पट बोजा कुणाच्याही अर्जाशिवाय आधीच येऊन बसलेला असतो. जिन्यातून गच्चीवर पाऊल टाकताना उंबरा बुडालाय का ते बघा, लगेच कळेल.

आणि सावलीची पाहणी मे महिन्यात केलेली धरू नका. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या बुडाशीच. डिसेंबरात भर दुपारीही आठ फूट उंचीची सावली उत्तरेला सात फुटांवर पडते, सकाळी नऊला तर त्याच्या कितीतरी पुढे. एका पॅनेलवर सावली आली की ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं.

चौथा_मजला

उंबरा बुडालाय. आत्ता वर जाऊन बघून आलो. पूर्वी पाय उचलून जावं लागायचं, आता सपाट आहे. वीस वर्षांत लक्षात आलं नाही.

निवांत_नाना

अभिनंदन. सोलर मागायला गेलात आणि कोबा सापडला.

चौथा_मजला

(तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून अर्ज पूर्ण बदलला. पर्यावरणाचं वाक्य काढून टाकलं. मुख्य भाग असा झाला:

"कॉमन मीटरसाठी ८ किलोवॉट प्रकल्पाचा प्रस्ताव विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. खालील खर्च कोटेशनप्रमाणे आहे: प्रकल्प ५,२०,००० रुपये. ऑडिट, कोबा फोडून खांब ओतणे व वॉटरप्रूफिंग ६०,००० रुपये. सुरुवातीला दर फ्लॅटला २९,००० रुपये. अनुदानाचे १,४४,००० जमा झाल्यावर दर फ्लॅटला ७,२०० परत. म्हणजे निव्वळ २१,८००. कॉमन बिलात महिन्याला सुमारे १५,००० ची बचत अपेक्षित, म्हणजे दर फ्लॅटला ७५०. रक्कम अडीच वर्षांच्या आत वसूल होते. बचत देखभाल शुल्कातून वजा करून दाखवावी.

खांब कॉलमवरच येतील, आखणीचा नकाशा व वाऱ्याचा हिशेब जोडला आहे. कामापूर्वी व कामानंतर पाणी तुंबवून चाचणी घ्यावी. कंत्राटदाराच्या बिलातील दहा टक्के रक्कम एक पावसाळा होईपर्यंत राखून ठेवावी.

उरलेल्या सुमारे ४०० चौरस फुटांपैकी ३०० चौरस फूट मला वैयक्तिक ३ किलोवॉटसाठी वापरू द्यावे. पॅनेल काढणे-बसवणे, गळतीची दुरुस्ती व फ्लॅट विकल्यास नव्या मालकाकडून तसेच हमीपत्र, ही जबाबदारी माझी."

परवा सभा झाली. वीसपैकी चौदा जण आले, हा आमच्याकडे विक्रम. सचिवांनी वाऱ्याचा हिशेब दोनदा वाचला आणि विचारलं, "हे उडून शेजारच्या बिल्डिंगवर पडलं तर?" तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माणूस अडवत नव्हता, घाबरत होता. ऑडिट मंजूर झालं. ८ किलोवॉटला तत्त्वतः होकार, ऑडिटचा अहवाल आल्यावर अंतिम ठराव. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टचा मुद्दा काढला, जोशी नाहीत पण स्वभाव तोच.

माझे ३०० चौरस फूट मात्र लटकले. पहिल्या अर्जाला प्राधान्य म्हणजे घाई करणाऱ्याला बक्षीस, असं दोघांचं म्हणणं. एक म्हणाले चिठ्ठ्या टाका, एक म्हणाले जागेचं वार्षिक भाडं लावा.

सचिव_नाइलाजाने

भाडं लावा, पण सगळ्यांना खुलं ठेवा. आमच्याकडे तसं केलं तर कुणीच मागितलं नाही, म्हणजे प्रश्न सुटला की मेला, ते मला ठाऊक नाही.

मीटर_बघतो

मी तर म्हणेन ती जागा रिकामी ठेवा. उद्या पार्किंगमध्ये गाड्यांचं चार्जिंग आलं की कॉमन मीटर वाढणार, तेव्हा लागेल. तुम्हाला पटणार नाही.

चौथा_मजला

पटत नाही. वीस वर्षं देखभाल वेळेवर भरलीय मी.

वाळवण

सांगाडा किती उंच करणार? सात-आठ फूट केला तर खाली सावलीत शेवया छान वाळतात, उन्हानं तडकत नाहीत. दोरीला कड्या आत्ताच लावून घ्या, मागनं कुणी देत नाही.

कोबेवाला

ताई, उंच केला की वाऱ्याची ओढ आणि लोखंड दोन्ही वाढतं. पण कोजागिरी आणि वाळवण दोन्ही हवं असेल तर करतात तसं, हिशेबात धरून. कड्या सांगाड्याला नकोत, पॅरापेटला लावा.

चौथा_मजला

उंची सात फूट ठरतेय. आता नवीन अडचण. अर्थिंगसाठी तीन खड्डे लागतात म्हणे, डीसीचा, एसीचा आणि वीजरोधकाचा. इमारतीभोवती सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, माती फक्त एका जागी उघडी आहे, आणि तिथे सचिवांची गाडी उभी असते.

निवांत_नाना

तिथे आधी ना हरकत घ्या.